‘नॉट’चा ‘नाऊ’ झाला तेव्हा : अनामतीच्या एका कलमाचे प्रकरण

हे प्रकरण पुण्यातील एका व्यापारी गाळ्याच्या लिव्ह अँड लायसन्स कराराचे आहे आणि त्यातली चूक आमच्याच कार्यालयात झाली होती. पक्षकार ओळखू येतील असा तपशील गाळला आहे. मसुद्यात जे घडले ते मात्र जसेच्या तसे मांडले आहे.

कराराची मुदत १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५ अशी ३६ महिन्यांची होती. मासिक मोबदला ८५,००० रुपये आणि बिनव्याजी अनामत ५,१०,००० रुपये, म्हणजे बरोबर सहा महिन्यांच्या भाड्याइतकी. करार इंग्रजीत, चौदा पानांचा आणि रीतसर नोंदवलेला होता, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी व नोंदणीकृत असावाच लागतो आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी जागामालकावर असते. तीस महिने सगळे सुरळीत चालले. ऑक्टोबर २०२४ चे भाडे आले नाही, नोव्हेंबरचेही आले नाही, तेव्हा मालकाच्या वतीने आम्ही नोटीस पाठवली. लायसन्सीच्या वकिलांचे उत्तर एका पानाचे होते. शेवटचे सहा महिने उरले आहेत, अनामतही सहा महिन्यांची आहे आणि कराराच्या कलम ७ प्रमाणे ती भाड्यात वळती होते, असे त्यात म्हटले होते. सोबत कलमाचा उतारा जोडला होता.

```
7. The said Deposit shall now be adjusted against the
monthly compensation payable from the 1st day of April
2022 or any part thereof, and shall be refunded without
interest upon the Licensee handing over vacant possession.
```

उतारा अचूक होता. नोंदणीकृत प्रत काढून पाहिली, तिच्यातही `now` हाच शब्द होता. तेथे `not` हवा होता. अनामत भाड्यात वळती करता येणार नाही, जागा रिकामी करून दिल्यावर ती परत मिळेल, असे ठरले होते आणि आमच्या कार्यालयातील प्रत्येक जुन्या करारात ते तसेच लिहिलेले आहे. एका अक्षराने कलमाचा अर्थ उलटा केला होता, आणि त्या पानावर दोन्ही पक्षांच्या सह्या, साक्षीदारांच्या सह्या व दुय्यम निबंधकाचा शिक्का होता.

चूक कोठे शिरली हे शोधण्यासाठी संगणकावरचे मसुद्याचे सर्व टप्पे काढले. पहिला मसुदा जुन्या नमुन्यावरून तयार केलेला होता आणि त्यात कलम ७ बिनचूक होते. त्यानंतर समोरच्या पक्षाने अनामतीच्या कलमात भाडे सुरू होण्याची तारीख घालण्याची सूचना केली. ती मी छापील प्रतीवर पेन्सिलीने लिहिली आणि टंकलेखन करणाऱ्या काकांनी ते कलम कापून-चिकटवून न घेता नव्याने टंकले. दुसऱ्या मसुद्यात म्हणून दोन चुका एकदम आल्या. `not` चा `now` झाला, आणि त्याच वाक्यात थोडे पुढे `payable from the` ऐवजी `payable form the` असे पडले. तिसऱ्या मसुद्यात यातली एक चूक दुरुस्त झाली, दुसरी तशीच राहिली.

या दोन चुका सारख्या दिसतात, पण त्यांचा स्वभाव वेगळा आहे. `from` चा `form` होणे ही अक्षरांची अदलाबदल आहे. कळफलकावर `r` डाव्या हाताकडे आणि `o` उजव्या हाताकडे येतो. दोन्ही हात जवळजवळ एकाच वेळी निघतात आणि उजवा आधी पोहोचला की क्रम उलटतो. `not` आणि `now` यांचे तसे नाही, कारण `t` आणि `w` शेजारी नाहीत. येथे बोट घसरत नाही, सवय घसरते. `no` पर्यंत दोन्ही शब्द एकच असतात आणि दिवसभरात दोन्ही शेकडो वेळा टंकले जात असल्याने तिसरे अक्षर हात आपल्या मनाने टाकतो. काका तीस वर्षे टंकलेखन करत आहेत, आणि अशा चुका नवशिक्याकडून कमी व सरावलेल्या हाताकडून अधिक होतात असे माझे निरीक्षण आहे. नवशिका प्रत्येक अक्षर शोधत असतो.

स्पेलचेकरने यांपैकी एकाही शब्दाखाली लाल रेघ मारली नाही, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. त्याचे मूळ काम प्रत्येक शब्द आपल्या यादीत आहे की नाही एवढे पाहणे हे असते. `form` यादीत आहे, `now` यादीत आहे, काम संपले. शब्द बरोबर लिहिला आहे का हे तो सांगतो. येथे हाच शब्द हवा होता का, हे त्याला विचारलेलेच नसते. यादी मोठी केली म्हणजे तपासणी चांगली होईल हा समजही उलटा आहे. जेम्स पीटरसन यांनी १९८६ साली याचे गणित मांडले होते. एखाद्या शब्दात टंकलेखनाची चूक झाल्यावर दुसराच खरा शब्द तयार होण्याची शक्यता त्यांनी काढली, तेव्हा लहान यादीसाठी ती सुमारे २ टक्के आणि साडेतीन लाख शब्दांच्या यादीसाठी जवळपास १६ टक्के निघाली. यादीत जितके शब्द अधिक, तितक्या चुकांना लपायला जागा अधिक. वकिलाच्या कार्यालयात तर लॅटिन संज्ञा, गावांची नावे, आडनावे असे शेकडो शब्द आपणच यादीत भरत असतो.

`form` मात्र पकडला गेला, तो व्याकरण तपासणीच्या निळ्या रेघेमुळे. `payable` नंतर `form the` ही रचना व्याकरणात बसत नाही, म्हणून रेघ उमटली. आमच्या सहकारी वकील बाईंनी ती पाहिली, `from` केले आणि कलम ७ तपासल्याची खूण केली. `shall now be adjusted` या शब्दांत व्याकरणाची काहीच चूक नाही. ते स्वच्छ, अर्थपूर्ण वाक्य आहे आणि नेमकी तीच अडचण आहे. `form` सारखी चूक वाक्य मोडते, म्हणून ती वाचणाऱ्याला अडखळवते. आणि ती नजरेतून सुटून नोंदवली गेली असती, तरी कोणत्याही न्यायालयाने तेथे `from` हाच शब्द वाचला असता, कारण दुसरे काही वाचताच येत नाही. मसुद्यात खरे भय वाक्य न मोडणाऱ्या चुकीचे असते. `any` चा `and`, `or` चा `of`, `lessor` च्या जागी `lessee` हे त्याच जातीचे आहेत. अमेरिकेतील असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या लेखन-नियमांत एके काळी आरोपीबाबत ‘नॉट गिल्टी’ न लिहिता ‘इनोसंट’ लिहावे असे सांगितलेले असे, ते याच धास्तीने की छपाईत `not` गळाला तर निर्दोष माणूस दोषी ठरायचा.

येथे आणखी एक गोष्ट घडली, आणि या प्रकरणात मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. सहकारी बाईंना त्या वाक्यात एक चूक सापडली, म्हणूनच दुसरी सापडली नाही. एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांमध्ये हा प्रकार ओळखीचा आहे. पहिला दोष दिसला की शोध पुरा झाल्याचे समाधान होते आणि त्याच चित्रातील दुसरा दोष नजरेतून सुटतो. आमच्याकडे निळ्या रेघेने नजर `form` कडे ओढून नेली. ती दुरुस्त करताच रेघ गेली, पान स्वच्छ दिसू लागले आणि सहा-सात शब्द अलीकडचा `now` त्या स्वच्छ पानात बसून राहिला.

यानंतर मसुद्यांची तुलनाही झाली होती. वर्डमध्ये दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरक दाखवण्याची सोय असते आणि आम्ही ती नेहमी वापरतो. पण तुलना दुसऱ्या व तिसऱ्या मसुद्याची केली गेली. `now` दोन्हींत होता, त्यामुळे फरक म्हणून फक्त `form` चा `from` झालेला दिसला आणि सर्वांना हायसे वाटले. तीच तुलना पहिल्या मसुद्याशी केली असती, तर `not` वर काट आणि शेजारी रंगीत `now` असे क्षणात समोर आले असते. यंत्र दोन कागदांतला फरक दाखवते. त्यांतला कोणता कागद विश्वासाचा, हे आपण ठरवायचे असते. लगतचा मसुदा हा विश्वासाचा कागद नव्हे. दोन्ही पक्षांनी वाचून होकार दिलेला शेवटचा मसुदा किंवा कार्यालयाचा मूळ नमुना हाच तो कागद.

आता कायद्याची बाजू. प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा, कारण मालकांनीही तोच प्रश्न विचारला होता: “लेखनिकाची चूक कोर्ट आपणहून सुधारते ना?” दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ मध्ये लेखनाच्या व आकडेमोडीच्या चुका दुरुस्त करण्याचा अधिकार आहे, पण तो न्यायालयाच्या स्वतःच्या निवाडा, हुकूमनामा व आदेशांपुरता आहे. दोन पक्षकारांनी आपसात केलेल्या दस्ताला तो लागू होत नाही. दस्तासाठी विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चे कलम २६ आहे. कपटामुळे किंवा दोन्ही पक्षांच्या समान चुकीमुळे दस्तात त्यांचा खरा हेतू उतरला नसेल, तर न्यायालय दस्त दुरुस्त करून देऊ शकते. मात्र ही मागणी दाव्यात स्पष्टपणे करावी लागते; आधी केली नसेल तर दाव्यात किंवा कैफियतीत तशी दुरुस्ती करून घ्यावी लागते.

‘समान चूक’ हे शब्द येथे मोलाचे आहेत. मालकाचा हेतू एक आणि लायसन्सीचा दुसरा होता असे निघाले, तर ती एकतर्फी चूक ठरते आणि या कलमाचा आधार डळमळतो. दोघांनाही `not` हेच अभिप्रेत होते आणि टंकताना `now` पडले, हे आम्हांला सिद्ध करावे लागणार होते. लेखी कराराच्या विरुद्ध तोंडी पुरावा सहसा चालत नाही. पूर्वी भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ९२ मध्ये असलेला हा नियम १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ९५ मध्ये आहे. पण त्याच्या पहिल्याच परंतुकात चुकीचा अपवाद आहे, आणि तेवढी फट आम्हांला पुरेशी होती.

पुरावा म्हणून तीन गोष्टी गोळा झाल्या. पहिली म्हणजे करारापूर्वीची ई-मेल. त्यांत लायसन्सीने स्वतःच लिहिले होते की अनामत मुदतीअखेर एकरकमी परत मिळावी. दुसरी गोष्ट खुद्द करारातच होती. कलम ७ चा उत्तरार्ध अनामत परत करण्याविषयी बोलतो, आणि कलम १२ मध्ये जागा परत देताना विजेची थकबाकी व गाळ्याची नासधूस यांची रक्कम अनामतीतून कापून घेण्याची तरतूद होती. अनामत भाड्यातच वळती झाली, तर परत काय करायचे आणि कापायचे कशातून? तिसरी गोष्ट सर्वांत भक्कम होती, आणि ती लायसन्सीच्याच बँकखात्यात होती. छापील कलम शब्दशः घेतले, तर अनामत १ एप्रिल २०२२ पासूनच्या भाड्यात ‘आता’ वळती व्हायला हवी होती, म्हणजे पहिले सहा महिने भाडे द्यायचेच नव्हते. लायसन्सीने मात्र पहिल्या महिन्यापासून सलग तीस महिने पूर्ण भाडे बँकेतून भरले. त्याने स्वतःच ते कलम कधी तसे वाचले नव्हते. उताऱ्यातला शब्द त्याला तिसाव्या महिन्यानंतर गवसला.

ही तिसरी बाब दुसऱ्या पत्रात मांडल्यावर समोरच्या वकिलांचा फोन आला. ते अनुभवी गृहस्थ होते. “कलम मीही तेव्हा वाचलं होतं,” ते म्हणाले, “आणि मीही `not` च वाचलं होतं.” माणूस अपेक्षित शब्दच वाचतो, कागदावरचा नाही, याचा याहून प्रामाणिक कबुलीजबाब मी ऐकलेला नाही. डिसेंबरमध्ये तडजोड झाली. थकलेले भाडे लायसन्सीने भरले, मालकाने ताबा मिळेल त्याच दिवशी अनामत परत देण्याचे कबूल केले आणि दोघांनी चूक दुरुस्ती दस्त करून तो नोंदवायचे ठरले. दावा करावा लागला नाही, हे नशीब. लायसन्सीने पहिले सहा महिने खरोखरच भाडे दिले नसते आणि मालकाने तेव्हा ते चालवून घेतले असते, तर हाच `now` अढळ झाला असता.

नोंदणीच्या आधी ही चूक सापडली असती, तर पेनाने काट मारून वर योग्य शब्द लिहिणे एवढेच पुरले असते. मात्र नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २० प्रमाणे अशा प्रत्येक खाडाखोडीजवळ दस्त करणाऱ्यांची सही किंवा आद्याक्षरे लागतात, नाहीतर दुय्यम निबंधक दस्त नाकारू शकतात. नोंदणीनंतर कागदाला हात लावता येत नाही. मग दुसरा दस्त करणे हाच मार्ग उरतो, आणि त्यासाठी समोरच्याची सही लागते. चुकीमुळे ज्याचा फायदा होतो, त्याच्याच सहीवर दुरुस्ती अवलंबून असते.

या प्रकरणानंतर कार्यालयात तीन बदल केले. पहिला संगणकातला. वर्डमध्ये वगळायच्या शब्दांची वेगळी फाइल असते. त्या फाइलमधील शब्द शुद्ध असूनही त्यांच्याखाली लाल रेघ उमटते. ती `%AppData%\Microsoft\UProof` या ठिकाणी असते आणि भारतीय इंग्रजीसाठी तिचे नाव `ExcludeDictionaryEN4009.lex` असे आहे. एका ओळीत एक शब्द असे लिहायचे. आम्ही लिहिले ते असे:

```
form
now
statue
trail
```

जोडीतला कोणता शब्द वगळायचा हे समजून घेतले पाहिजे. कराराच्या मसुद्यात `from` पानोपानी येतो, `form` क्वचित. म्हणून क्वचित येणारा वगळायचा. चौदा पानांत दोन-तीन रेघा उमटतात आणि प्रत्येकीकडे पाहायला वेळ मिळतो. `not` वगळला, तर सारे पान लाल होईल आणि कोणी पाहणार नाही. `statute` चा `statue` आणि `trial` चा `trail` सहज होतो. `statue` म्हणजे पुतळा आणि `trail` म्हणजे पायवाट. या दोन्ही गोष्टी आमच्या मसुद्यांत कधी येत नाहीत, त्यामुळे तेथे रेघ उमटली म्हणजे चूकच. या सोयीला मर्यादाही आहेत. फाइल त्या एका संगणकापुरती आणि त्या एका भाषेपुरती असते. मजकुराची भाषा अमेरिकन इंग्रजी लावलेली असेल, तर ही फाइल वाचलीच जात नाही. शिवाय पूर्ण मोठ्या अक्षरांतले शब्द वर्ड मुळातच तपासत नाही, तशी सेटिंग बदलल्याशिवाय. कराराची शीर्षके नेमकी त्याच अक्षरांत असतात.

दुसरा बदल मराठी दस्तांपुरता आहे, कारण तेथे वगळायच्या यादीची मदत आम्ही घेत नाही आणि एका मात्रेने किंवा कान्याने शब्द बदलतो. ‘जमीन’ चा ‘जामीन’, ‘मुदत’ ची ‘मदत’, ‘सदर’ चे ‘सादर’, ‘परत’ ची ‘प्रत’ हे सगळे आमच्या कागदांत कधी ना कधी सापडलेले आहेत. ‘अनामत रक्कम प्रत देण्यात येईल’ असे पडले, तर वाक्य लंगडते आणि चूक कळते; पण ‘मूळ दस्त परत देण्यात येईल’ च्या जागी ‘मूळ दस्त प्रत देण्यात येईल’ हे घाईत वाचणाऱ्याला खपून जाते. अशा दहा-बारा जोड्यांचा कागद भिंतीवर लावला आहे आणि अंतिम मसुद्यात त्यांतला प्रत्येक शब्द शोधून पाहिला जातो.

तिसरा बदल जुनाच आहे. न्यायालयाच्या व महसूल खात्याच्या नकलांवर खाली दोन सह्या असतात, ‘नक्कल करणार’ आणि ‘रुजवात घेणार’. रुजवात म्हणजे एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवत जायचे. आमच्याकडे आता अंतिम मसुद्याची अशीच रुजवात होते, आणि वाचणारा विश्वासाचा मूळ कागद हातात धरतो, नवा मसुदा नव्हे. नवा मसुदा मोठ्याने वाचला, तर वाचणारा मनातला शब्द उच्चारतो आणि ऐकणारा समाधानाने मान डोलावतो. याला वेळ लागतो. चौदा पानांना आम्हांला पाऊण तास लागला. म्हणून पैसे, तारखा, नकार आणि पक्षकारांची नावे असलेल्या कलमांचीच रुजवात सक्तीची ठेवली आहे, बाकीचे डोळ्यांनी.

पहिली रुजवात झाली ती चूक दुरुस्ती दस्ताची. त्यात मूळ चूक जशीच्या तशी उद्धृत करावी लागते, म्हणजे कलम ७ मधील `now` या शब्दाऐवजी `not` असा शब्द वाचावा, असे लिहायचे होते. काका वाचत होते, बाई बोट फिरवत होत्या, आणि त्या ओळीवर येऊन त्या थांबल्या. मसुद्यात छापले होते की `not` या शब्दाऐवजी `not` असा शब्द वाचावा.